प्रदर्शनाआधीचे सहा आठवडे: अर्धवट चित्र लोकांना कसं दाखवावं

माझ्या पहिल्या एकट्याच्या प्रदर्शनाआधी मी चौदाच्या चौदा चित्रं मोबाईलवर टाकून मोकळा झालो होतो. रोज एक, पूर्ण झालेलं, फ्रेमसकट. उद्घाटनाला छत्रपती संभाजीनगरातली ओळखीची सगळी मंडळी आली, चहा झाला, आणि निम्मे लोक हॉलच्या मधोमध उभं राहूनच म्हणाले, "सर, ही तर बघितली की आम्ही." चौदापैकी एक चित्र गेलं. तेही मेव्हण्याच्या मित्रानं घेतलं, म्हणजे ते धरायचं की नाही हाही प्रश्नच आहे.

दुसऱ्या वेळी उलटं केलं. सहा आठवडे एकच चित्र दाखवलं, तेही शेवटपर्यंत नाही. पहिल्यांदा असं प्रदर्शन लावणाऱ्यांसाठी ते कसं केलं हे इथं लिहितोय. इन्स्टाग्राम असो की व्हॉट्सॲपचं स्टेटस, रीत तीच.

कोणतं चित्र निवडायचं

सगळ्या चित्रांचं थोडं थोडं दाखवू नका. बघणाऱ्याच्या डोक्यात काहीच राहत नाही. एक चित्र निवडा आणि त्याचाच प्रवास दाखवा. ते तुमचं सगळ्यात चांगलं चित्र असायची गरज नाही. ज्याच्या टप्प्याटप्प्यात डोळ्याला फरक दिसतो, ते निवडायचं. पांढऱ्या कॅनव्हासवर हळूहळू गडद होत जाणारं बारीक काम तुम्हाला कितीही प्रिय असलं, तरी मोबाईलच्या पडद्यावर त्याचे चार टप्पे सारखेच दिसतात.

मी बारव निवडली. परभणी जिल्ह्यातल्या वालूरला एक बारव आहे, तिच्या पायऱ्या सरळ खाली न जाता गोल फिरत उतरतात. कॅनव्हास 30 बाय 40 इंची, उभा. खालचा थर ॲक्रिलिकचा, वर तेलरंग. हा क्रम चालतो, उलटा चालत नाही. तेलरंगावर ॲक्रिलिक धरत नाही, पुढं सोलून निघतं. पहिला हात बर्न्ट सिएनाचा मारला तेव्हा सगळा कॅनव्हास विटेसारखा लाल झाला होता आणि शेवटी त्यात हिरवट काळं पाणी येणार होतं. एवढा फरक असला की बघणारा पुढचा टप्पा बघायला परत येतो.

तारीख आधी, ब्रश नंतर

उद्घाटनाच्या तारखेपासून मागं मोजा. सहा आठवडे पुरतात. तीन महिने आधी सुरू केलं तर लोकांचा उत्साह हॉल लागायच्या आधीच विझतो, आणि पंधरा दिवस आधी केलं तर तुमचं नाव डोक्यात बसायला वेळ मिळत नाही. माझं प्रदर्शन डिसेंबरच्या दुसऱ्या शुक्रवारी होतं. म्हणजे पहिली पोस्ट ऑक्टोबरच्या शेवटी. त्या आठवड्यांत दिवाळी येत असेल तर ते चार दिवस काहीच टाकू नका. आकाशकंदील आणि फराळाच्या ताटांच्या गर्दीत तुमची बारव कोणाला दिसणार?

आता या लेखातली सगळ्यात कामाची गोष्ट. चित्र रंगवायला आणि दाखवायला एकाच दिवशी सुरुवात करायची नाही. रंगवणं किमान तीन आठवडे पुढं असू द्या. लोक पहिला टप्पा बघत होते तेव्हा माझ्या इझलवर चौथा टप्पा चालू होता. फोटो मात्र प्रत्येक टप्प्याचे त्या त्या दिवशीच काढून ठेवलेले.

हे अंतर ठेवायची कारणं दोन. एक म्हणजे तेलरंग वाळायला वेळ लागतो. शेवटचा हात उद्घाटनाच्या किमान तीन आठवडे आधी व्हायला हवा, थर जाड असतील तर त्याहूनही आधी. नाहीतर हॉलवर नेताना बबल रॅपचे गोल ठसे थेट रंगावर उमटतात. माझ्या एका चित्राच्या आभाळावर असे ठसे आजही आहेत. लोकांना ते मुद्दाम काढल्यासारखे वाटतात आणि मी काही बोलत नाही.

दुसरं कारण जास्त मोठं. चित्र मधेच फसतं. माझं चौथ्या टप्प्यावर फसलं. पाणी रंगवताना हिरव्यात पिवळा जास्त गेला आणि बारवेचं पाणी शेवाळलेल्या हौदासारखं चिखलट झालं. पोस्ट आणि काम एकत्र चालू असतं तर त्या आठवड्यात दाखवायला काहीच नव्हतं. मालिका तुटली असती, किंवा घाईनं कसंतरी दुरुस्त केलं असतं. मधे अंतर होतं म्हणून पॅलेट नाइफनं पाणी खरवडून काढलं, दोन दिवस नुसतं बघितलं, मग अल्ट्रामरीन आणि थोडा बर्न्ट अंबर मिसळून पुन्हा केलं. ते जमलं हे पक्कं झाल्यावरच फसलेल्या पाण्याचा फोटो टाकला आणि तीन दिवसांनी सुधारलेला. सहा आठवड्यांत सगळ्यात जास्त खाजगी मेसेज या जोडीला आले.

फोटो: प्रत्येक वेळी त्याच जागेवरून

टप्प्यांचे फोटो एकमेकांशी जुळले नाहीत तर ते एका चित्राचे टप्पे वाटत नाहीत, चार वेगळी चित्रं वाटतात. म्हणून इझलचे तीन पाय जमिनीवर जिथं टेकतात तिथं रंगीत चिकटपट्टी लावा. फोनच्या स्टँडच्या जागेलाही लावा. फोन कॅनव्हासच्या मधोमध त्याच उंचीवर, आणि कॅनव्हास जेवढा मागं कललेला आहे तेवढाच फोनही कलवलेला. हे चुकलं की चित्राची वरची कड खालच्यापेक्षा अरुंद दिसते. फार जवळूनही काढू नका, कडा फुगतात. सात-आठ फूट मागं जाऊन दोनपट झूम करा.

उजेड खिडकीचा घ्या, ऊन थेट येत नसलेल्या खिडकीचा, आणि रोज एकाच वेळेचा. माझी वेळ सकाळी नऊ. संध्याकाळी ट्यूबलाइटखाली काढलेला टप्पा निळसर येतो आणि लोकांना वाटतं तुम्ही रंग बदलला. कॅनव्हासच्या शेजारी एक कोरा पांढरा कागद चिकटवून ठेवा. फोटोत तो पांढराच दिसतोय ना, एवढं बघायचं. पिवळा किंवा निळा दिसला तर रंग बिघडलाय. टाकताना कागद कापून टाका. फोनच्या पडद्यावर चित्राच्या मध्यम उजेडाच्या भागावर बोट दाबून धरलं की उजेड आणि फोकस तिथंच थांबतो. आयफोनवर AE/AF LOCK अशी अक्षरं येतात, इतर फोनवर बहुतेक ठिकाणी कुलपाची खूण येते. हे न केल्यास गडद टप्प्याचा फोटो फोन आपणहून उजळून टाकतो.

ओल्या तेलरंगावर खिडकी चमकते. तेव्हा फोन न हलवता इझलच थोडं फिरवा, चमक जाईपर्यंत, आणि नवीन जागेची खूण करा.

रात्री काम करताना व्हिडिओ घेतला तर त्यात काळे पट्टे वरखाली सरकताना दिसतात. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची आहे आणि दिवा तिच्या तालावर लुकलुकतो. फोनच्या प्रो मोडमध्ये शटर 1/50 किंवा 1/100 वर ठेवलं की पट्टे बहुतेक जातात. व्हिडिओ वीस सेकंदांच्या वर नेऊ नका. हात, ब्रश आणि रंग कॅनव्हासला टेकतानाचा आवाज पुरतो. वर गाणं घालायची मला कधी गरज वाटली नाही.

चित्र किती मोठं आहे, हे न विचारता कळलं पाहिजे

आपल्याकडं चित्र विकत घेणारे बहुतेक जण संग्राहक नसतात. दवाखाना नवीन बांधलेले डॉक्टर असतात, बंगल्याचं काम करणारे आर्किटेक्ट असतात, निवृत्त होऊन फ्लॅट घेतलेले प्राध्यापक असतात. त्यांच्या डोळ्यासमोर एक भिंत असते. मला आलेला पहिला खरा प्रश्न लातूरच्या एका हाडांच्या डॉक्टरांचा. ते नुसतं म्हणाले, "सर, किती बाय कितीचं हाय? सोप्याच्या वर बसल का?"

तो प्रश्न आल्यावर मी एक पोस्ट केवळ आकारासाठी केली. घरातल्या सोफ्याच्या वर चित्र टेकवलं, शेजारी बायकोला उभं केलं, आणि खाली लिहिलं: अडीच फूट रुंद, तीन फूट चार इंच उंच. फूट आणि इंचातच लिहा. सेंटीमीटरमध्ये लिहिलं की लोक मनातल्या मनात भागाकार करत बसतात आणि पुढं सरकतात. बायको म्हणाली, "मला का उभं केलंय, मी काय मोजपट्टी आहे?" तिचं म्हणणं बरोबर होतं, पण त्या फोटोनंतर आकाराचे प्रश्न थांबले.

फोटोखाली काय लिहायचं

"नवीन चित्र साकारतंय, लवकरच आपल्या भेटीला" हे लिहू नका. त्यात वाचणाऱ्याला काहीच मिळत नाही. प्रत्येक पोस्टमध्ये एकच निर्णय सांगा: आज काय ठरवलं आणि का. पाण्याची पातळी बदलली त्या दिवशी मी लिहिलं होतं:

"पाणी सातव्या पायरीला लावलं होतं. काल वालूरला काढलेले फोटो पुन्हा बघितले. तिथं मला आवडला होता तो कोरडा दगड, पाणी नव्हे. म्हणून पाणी अजून पाच पायऱ्या खाली नेलं. आता वर नुसता दगड आणि त्याच्या सावल्या."

एवढंच. तीन-चार वाक्यं. भावना घुसडायची गरज नाही, निर्णयातच ती दिसते. आणि एक सावधगिरी: संदर्भाचे फोटो स्वतःचेच वापरा आणि तेच दाखवा. दुसऱ्यानं काढलेल्या बारवेच्या फोटोवरून रंगवत असाल तर आधी त्याची परवानगी घ्या. फोटो ओळखणारा कोणीतरी निघतोच, आणि मग प्रदर्शनाच्या तोंडावर सगळी चर्चा त्याचीच होते.

सल्ले मात्र येणारच. "एक बाई घागर घेऊन दाखवा सर." "पारवे टाका." दोघांनी तर मोर सुचवला. "बघतो" एवढं उत्तर पुरतं. कोणाच्या सांगण्यावरून चित्र बदललं की तो माणूस उद्घाटनाला येऊन आपला मोर शोधतो.

कुठं आणि किती

आठवड्याला दोन पोस्ट. सहा आठवड्यांत बारा, त्यातल्या सात-आठ मुख्य चित्राच्या. बाकीच्यांत फ्रेमवाला लाकूड कापताना, हॉलच्या रिकाम्या भिंतीचं माप घेताना, असं काही. मी मंगळवारी आणि शुक्रवारी रात्री नऊनंतर टाकायचो, जेवणं आटोपल्यावर.

इन्स्टाग्रामवर अनोळखी लोक भेटतात, पण माझ्या अनुभवात विकत घेणारे व्हॉट्सॲपवरून आले. स्टेटस चोवीस तासांत जातं, म्हणून त्याच्यावर सगळं सोडू नका. ब्रॉडकास्ट यादी करा. एका यादीत 256 जण बसतात, आणि तुमचा मेसेज त्यांनाच पोचतो ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये ठेवलाय. नवख्यांचं इथंच चुकतं. दोनशे जणांची यादी करतात आणि पोचतो तो सत्तर जणांना. म्हणून पहिल्या आठवड्यातच प्रत्येकाला वेगळा, नावानं मेसेज करा: "नमस्कार मॅडम, मी अमुक. माझा नंबर सेव्ह कराल का? प्रदर्शनाचं काम चालू आहे, आठवड्यातून एकदाच फोटो पाठवीन." आठवड्यातून एकदा म्हणालात तर एकदाच पाठवा. फोटो पाठवताना HD निवडा, नाहीतर दगडाचा पोत पुसून जातो.

"किंमत किती?" याला उत्तर

पोस्टमध्ये किंमत छापत नाही. विचारली तर मात्र त्याच दिवशी सांगतो, पूर्ण सांगतो. "प्रदर्शनात या, बोलू" म्हटलं की माणूस समजतो की आपलं तोंड बघून आकडा ठरणार आहे.

दर आधी ठरवून ठेवा. मी चौरस इंचाचा लावतो. बारवेचं चित्र 30 गुणिले 40 म्हणजे 1200 चौरस इंच. 22 रुपयांच्या दरानं 26,400. फ्रेम वेगळी. तुमचा दर काय असावा ते तुमची आधीची विक्री सांगेल. पहिलंच प्रदर्शन असेल तर तुमच्याच बॅचच्या दोन-तीन चित्रकारांना विचारा. लहान चित्रांना हा हिशोब लागू होत नाही. 12 बाय 16 चं चित्र या दरानं साडेचार हजारांच्याही आत येतं, आणि त्याला मेहनत काही त्या प्रमाणात कमी लागत नाही. म्हणून लहान आकाराला एक किमान किंमत ठेवा. आणि सगळ्यांना एकच आकडा. गाव लहान आहे. दोन डॉक्टर एकाच कँटीनमध्ये चहा पितात.

उत्तरात आकार, माध्यम, किंमत, फ्रेमचं काय, आणि चित्र कधी बघता येईल, एवढं एकाच मेसेजमध्ये लिहा. लगेच वहीत नोंद करा: नाव, गाव, तारीख, कोणत्या टप्प्यावर विचारलं, काय विचारलं. लाइक मोजू नका. "अप्रतिम", "सुंदर सर" लिहिणारे बहुतेक आपलेच चित्रकार मित्र असतात, आणि चित्रकार चित्रकाराचं चित्र विकत घेत नाही. आकार, भिंत, फ्रेम, पोचवण्याची सोय, यातलं काही विचारलं की समजावं की माणूस खरंच विचार करतोय.

बयाणा कधी घ्यायचा

चित्र पूर्ण व्हायच्या आधी नाही. मी ही चूक केली. तिसऱ्या टप्प्यावर, सगळं लालसर होतं तेव्हा, एका गृहस्थांनी आगाऊ रक्कम दिली. पुढं पाणी आलं, सावल्या गडद झाल्या, आणि पूर्ण झालेलं चित्र बघून ते म्हणाले, "मी घेतलं ते हे नव्हं. ते लालच झाक होतं." चूक त्यांची नव्हती, मी त्यांना लाल चित्रच दाखवलं होतं. पैसे परत केले. लातूरच्या डॉक्टरांनी ते पुढं घेतलं, पण मधले आठ दिवस झोप नव्हती.

आता कोणी चित्र पूर्ण व्हायच्या आधी मागितलं तर पैशांऐवजी वेळ देतो: उद्घाटनाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पाचला हॉलवर या, चित्रं लागलेली असतील, तुम्ही आधी बघा. डॉक्टर लातूरहून गाडी घेऊन आले, बायको आणि सासूबाईंना घेऊन. भिंतीवरचं चित्र बघून एक तृतीयांश रक्कम तिथंच दिली. मी पावती दिली आणि मेसेजवरही लिहून पाठवलं, की चित्र प्रदर्शन संपेपर्यंत भिंतीवरच राहील. दुसऱ्या दिवशी हॉल उघडला तेव्हा त्याच्या खाली विकल्याची लाल टिकली लागलेली होती, आणि आत येणारा प्रत्येक जण आधी टिकलीकडं बघायचा, मग चित्राकडं.

शेवटचे दहा दिवस

मुख्य चित्राचा शेवटचा टप्पा दाखवू नका. शेवटून दुसऱ्यावर थांबा. माझी शेवटची पोस्ट पाण्यात आभाळ उमटायच्या आधीची होती, पाणी सपाट काळं असतानाची. खाली इतकंच लिहिलं की अजून दोन बैठका बाकी आहेत, आणि मग हॉलचा पत्ता आणि वेळ. खरं तर चित्र तेव्हा पूर्ण होऊन तीन आठवडे झाले होते. तुम्हाला हे खोटं वाटत असेल तर बैठकांचं वाक्य गाळा. माझंही मन त्याबद्दल पूर्ण साफ नाही, पुढच्या वेळी गाळणार आहे.

बाकीच्या तेरा चित्रांचे तळहाताएवढे तुकडेच दाखवा: एका पायरीची झिजलेली कड, कोनाड्यातला शेंदूर. पूर्ण चित्र एकही नाही.

आमंत्रण वहीतल्या प्रत्येकाला वेगळं पाठवा, त्यानं विचारलेल्या प्रश्नाची आठवण ठेवून. "तुम्ही फ्रेमचं विचारलं होतं, सागवानी पट्टी लावली आहे, येऊन बघा." छापील पत्रिका सगळ्यांना एकसारखी गेली तर वहीचा काही उपयोग नाही.

हॉलवर चित्राशेजारी टप्प्यांचे फोटो लावू नका, लोक चित्र सोडून तेच वाचतात. पोस्टकार्डाएवढे छापून टेबलावर ठेवा. विकल्या गेलेल्या चित्राचे टप्पे मी एका पाकिटात घालून फ्रेमच्या पाठीला चिकटवतो, तारखांसकट. डॉक्टरांच्या पाकिटात फसलेल्या पाण्याचाही फोटो आहे. गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला, दवाखान्यात कोणी चित्राबद्दल विचारलं की ते भिंतीवरून उतरवून पाकीट उघडून दाखवतात, आणि आता त्याचा गोंद सुटायलाय, नवीन कोणता लावू?